मुहूर्त दुबईच्या वेळेचा

मुळशी तालुक्यात माझ्या माहितीतलं वेळेवर लागलेलं लग्न एकच, आणि नेमकं तेच मला बघायला मिळालं नाही. ते लग्न माझ्या सख्ख्या भाचीचं होतं. त्यात मला मानाचं काम होतं. आणि ते वेळेवर लागावं म्हणून सहा महिने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, तेही मीच.

आमच्याकडची लग्नं कशी लागतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. पत्रिकेत मुहूर्त संध्याकाळचा असतो, त्या वेळी नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर असतो आणि त्याचे मित्र पुढे नाचत असतात. तो मांडवात पोचला की माइक सुरू होतो. अमुक गावचे माजी उपसरपंच आले, तमुक पतसंस्थेचे संचालक आले. मग त्यांना फेटे, शाली, आणि मग त्यांचे आशीर्वाद, जे आशीर्वाद कमी आणि पुढच्या निवडणुकीची तयारी जास्त. गुरुजी अंतरपाट घडी करून मांडीवर ठेवतात. लोकांच्या हातातल्या अक्षता घामाने ओल्या होतात. मी अशा वेळी पहिल्या रांगेत बसून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचो, आणि तेही हात चांगला वर करून, म्हणजे मागच्या रांगेलाही दिसावं.

मी एकनाथ. उरवड्याला एका कारखान्यात आहे. आम्ही पॅकिंगची मशिनं बनवतो आणि ती परदेशात नेऊन बसवायची, चालू करून द्यायची, हे माझं काम. बहुतेक वाऱ्या आखाती देशांतल्या. त्यामुळे भुकूमच्या आमच्या गल्लीत मला थोडा मान आहे, आणि नसेल तिथे तो मी स्वतः मिळवतो.

भाचीचं नाव सृष्टी. माझी थोरली बहीण सगुणा, तिला आम्ही आक्का म्हणतो, तिची ही एकुलती एक मुलगी. आक्काचं सासर पौडच्या पलीकडे आत, तिथून कॉलेजला रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून सृष्टी चार वर्षं आमच्या घरी राहिली. रोज सकाळी मी तिला गाडीतून कोथरूडपर्यंत सोडायचो. गाडी सव्वासातला सुटणार म्हणजे सव्वासातलाच. ती ओले केस, हातात पोळीची गुंडाळी, अशी धावत यायची. "मामा, एक मिनिट!" म्हणून ओरडायची. मी म्हणायचो, "जो वेळेवर येत नाही त्याच्यासाठी थांबायचं नाही, बाळा. नाहीतर जो वेळेवर आलाय त्याचा अपमान होतो." हे वाक्य मला इतकं आवडायचं की बायकोला, शेजाऱ्यांना, एकदा तर दुधवाल्यालाही ऐकवलं होतं.

लग्न ठरलं तेव्हा सृष्टीनेच जाहीर केलं, "मामा म्हणतो तसं करायचं. सत्कार नाहीत, भाषणं नाहीत, मुहूर्तावर लग्न." नवरा मुलगा अनिमेष हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये, त्याला काय, तो कशालाही हो म्हणत होता. अडून बसले ते आक्काचे सासरे, कोंडिबा आबा. "मान्सं काय म्हनतील? मानपान न्हाई म्हंजी लगीन हाय का कंपनीतली मिटिंग?" पण नातीपुढे त्यांचं काही चाललं नाही. मग सृष्टी माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, मला बाकी काही नको. मला मांडवात तू न्यायचंस आणि माझ्या मागे तू उभं राहायचंस." आमच्यात नवरीला मामाच मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मी म्हणालो, "अगं, हे काय सांगायचं असतं?" 

लग्नाच्या पंधरा दिवस आधी कंपनीने मला दुबईला पाठवलं. एका गिऱ्हाइकाचं मसाले भरायचं मशीन होतं. तिथेच एका दुपारी फोनवर पत्रिकेचा फोटो आला. छापील पत्रिका जपून ठेवायची पद्धत मला जुनाट वाटते. मी फोटो उघडला, मुहूर्त वाचला, संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटं, आणि तिथल्या तिथे फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकला. नाव: सृष्टीचं लग्न. वेळ: पाच पाच. दोन तास आधी एक आठवण आणि ऐन वेळेला एक आठवण. फोनमध्ये त्या वेळेच्या खाली बारीक अक्षरांत काहीतरी एक ओळ होती. ती मी वाचली नाही. बारीक अक्षरं वाचायला माझ्याकडे वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर चष्माही नव्हता. मग कॅलेंडरमध्ये आहे म्हटल्यावर ते डोक्यातून काढून टाकलं. लक्षात ठेवायचं काम मी फोनला देतो, हेही मी अभिमानाने सांगत असे.

त्याच दिवशी गिऱ्हाइकाबरोबर पुढच्या गुरुवारची व्हिडिओवरची मिटिंग ठरली, तिथल्या दुपारी दोनला. गुरुवार म्हणजे लग्नाचाच दिवस. पण मिटिंग अर्ध्या-पाऊण तासाची, मी तेव्हा उरवड्यात असणार, लग्नाचं कार्यालय पौडला. हाकेच्या अंतरावर. तीही कॅलेंडरमध्ये टाकली.

लग्नाच्या दोन दिवस आधी परत आलो. विमान उतरलं, फोन चालू केला आणि घड्याळ आपोआप दीड तास पुढे गेलं. हा माझ्या फोनचा मला फार आवडणारा गुण. काही करावं लागत नाही, जिथे जाल तिथली वेळ स्वतःच लावून घेतो. बॅगेची वाट बघत मी कॅलेंडर उघडलं. दुबईत दोनला दिसणारी मिटिंग आता साडेतीनला दिसत होती. बरोबरच, तिकडे दोन वाजतात तेव्हा इकडे साडेतीन. मी मनातल्या मनात फोनची पाठ थोपटली. शेजारी एक गृहस्थ उभे होते, त्यांनाही दाखवलं. "बघा, स्वतःहून बदललं," म्हणालो. त्याच्याच खाली सृष्टीचं लग्न होतं, संध्याकाळी सहा पस्तीस. गोरज मुहूर्त, नेहमीचा. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. आमच्याकडची निम्मी लग्नं सहा पस्तीसचीच असतात. एक ओळ बदलली म्हणून मी फोनचं कौतुक केलं आणि तिच्या खालची ओळही बदलली असेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एवढी अक्कल देवाने मला दिली असती तर मी कंपनीचा मालक नसतो का झालो?

बुधवारी हळद झाली. सगळे एकमेकांना म्हणत होते, "उद्या वेळेवर बरं का." मला कोणी म्हणालं नाही. मला ते सांगण्याची कोणाची टाप नव्हती.

गुरुवारी सकाळीच माझी बायको कल्पना कार्यालयात गेली. जाताना म्हणाली, "आजच्या दिवशी तरी कंपनी सोडा." मी म्हटलं, "अगं, साडेतीनची मिटिंग, सव्वाचारला मोकळा. नंतर सगळा वेळ आपलाच आहे." तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. तिला वाटलं असेल, हा घड्याळावर बोट ठेवून चालणारा माणूस, याने हिशेब केलाच असेल. पंधरा वर्षांत माझ्यावर ठेवलेला तिचा हा पहिला आंधळा विश्वास.

मिटिंग ठरल्याप्रमाणे झाली. त्यासाठी फोनचा आवाज बंद केला होता. मिटिंग संपली तेव्हा कल्पनाचा एक चुकलेला फोन दिसला. मी तिला लिहिलं, "निघतोय. वेळेवर पोचतो." हा मेसेज तिने अजून पुसलेला नाही, आणि मला ती तो पुसायलाही देत नाही. आवरून निघेपर्यंत पडद्यावर आठवण आली, सृष्टीचं लग्न, दोन तासांनी. छान. मी पिरंगुटला थांबलो, निवांत दाढी केली, डोक्याला चांगलं मालिश करून घेतलं आणि तिथेच गुलाबी फेटा बांधून घेतला. फोन गाडीत होता, आवाज बंद. सलूनवाला म्हणाला, "लग्न कधी?" मी म्हटलं, "सहा पस्तीस. आपण एक तास आधी पोचणार. तशी सवयच आहे."

कार्यालयात शिरलो तर पंगती बसल्या होत्या. लोक जिलेबी खात होते. माझं डोकंच फिरलं. दारात कोंडिबा आबा पान जमवत उभे होते, त्यांच्या अंगावर मी तणतणत गेलो. "आबा, हे काय? लग्न लागायच्या आधीच जेवणं? असं कुठे असतं का?"

आबांनी चुना बोटावर घेतला, माझ्या फेट्याकडे बघितलं. "लगीन? लगीन लागलं की, पाव्हणं."

"लागलं? कधी?"

"टायमावर. तुमीच म्हनत व्हता न्हवं, टायमावर लावा? मंग लावलं. पयल्यांदाच बघितलं बगा आमी बी."

मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मी हसलो देखील. मग समोर स्टेज दिसलं. सृष्टीच्या गळ्यात हार होता. अनिमेषच्याही गळ्यात होता. जमिनीवर अक्षता पडलेल्या होत्या. आणि सृष्टीच्या मागे माझी बायको उभी होती, नऊवारीवर जरीचा फेटा बांधून. तो मामाच्या मानाचा फेटा होता.

आक्का मला बघून धावत आली. मला वाटलं ती मिठी मारणार. तिने माझ्या दंडावर जोरात चापट मारली आणि मग रडायला लागली. "जित्ता हायस ना रं? कुटं मेला व्हतास? आमी किती फोन लावलं तुला!"

मी गाडीतून फोन आणला. पडदा चुकलेल्या फोनांनी भरला होता. तरीही, वाचकहो, मी माघार घेतली नाही. माझा स्वभावच तसा हेकट आहे. मी स्टेजवर चढलो, फोन पुढे धरला आणि म्हणालो, "हे बघा. सहा पस्तीस लिहिलंय. माझी काय चूक?"

सगळे फोनकडे बघायला लागले. शेवटी नवरदेवाने, मुंडावळ्या बाजूला सारत, फोन हातात घेतला. "मामा, हे तुम्ही दुबईत असताना टाकलं होतं का?"

"हो. पत्रिका बघूनच टाकलं."

"पाच पाच टाकलं असणार तुम्ही. पण फोन तेव्हा दुबईच्या वेळेवर होता, म्हणून त्याने ते दुबईचे पाच पाच धरले. इथे आल्यावर फोनने आपली वेळ लावली. दुबईचे पाच पाच म्हणजे आपले सहा पस्तीस. त्याने बरोबरच दाखवलं." त्याने नोंद उघडून ती बारीक ओळ दाखवली. तिथे दुबईची वेळ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. "इथे भारतीय वेळ निवडली असती ना, तर तिकडे असताना तुम्हाला हे तीन पस्तीस दिसलं असतं आणि घरी आल्यावर आपोआप पाच पाच झालं असतं. तुमची मिटिंग दुबईच्या वेळेचीच होती, म्हणून ती बरोबर बदलली. बदलू का हे?"

"राहू दे," मी म्हणालो. "आता बदलून काय करायचंय?"

कल्पनाने अनिमेषच्या हातातून फोन काढून घेतला, त्याचा आवाज पूर्ण वाढवला आणि परत माझ्या खिशात कोंबला. "आता तरी चालू ठेवा," म्हणाली. एवढंच. ती आरडाओरडा करेल म्हणून मी तयारीत होतो. तिने केला नाही, आणि ते जास्त लागलं.

मी सृष्टीकडे वळलो. तिचं काजळ पसरलेलं होतं. मी म्हणालो, "बाळा, मी..." आयुष्यभर उशिरा येणाऱ्यांना बोलत आलो, पण उशिरा आल्यावर काय बोलायचं ते मला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

ती म्हणाली, "मी थांबवलं होतं सगळ्यांना, मामा. गुरुजी तीनदा म्हणाले, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी खोलीतून बाहेरच येईना. आबा म्हणाले, पाव्हणं नटत असतील, येतील. मी म्हटलं, नाही, तो कधीच उशीर करत नाही, त्याचं काहीतरी झालंय. दुसरं कोणी असतं तर मी घाबरले नसते. अनिमेषचा भाऊ मोटारसायकल घेऊन भूगावपर्यंत जाऊन आला, कुठे अपघात दिसतो का बघायला."

"मग?"

"मग गुरुजी म्हणाले, मुहूर्त निघून चाललाय. मामा नसेल तर मामी चालेल, हात मामाच्या घरचाच आहे. मामी म्हणाली, तुझ्या मामाला विचारलं असतंस तर त्याने काय सांगितलं असतं? मला माहीत होतं तू काय सांगितलं असतंस." तिने नाक ओढलं. "म्हणून आले मी."

मला काय म्हणायचं ते सगळं तिने चार वर्षं गाडीत बसून पाठ केलं होतं. तेव्हा वाटायचं, पोरगी ऐकत नाही. मी स्टेजवरून उतरलो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसलो. लाज म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर कळलं. सलूनवाल्याने बांधलेला फेटा कानांवर दाबत होता. लोक हात धुवायला जाता जाता माझ्याकडे बघत होते. एकाने तर मुद्दाम हात वर करून घड्याळ बघितलं. त्याच्या मुलाच्या लग्नात मी काय केलं होतं ते मला आठवत होतं, म्हणून मी मान खाली घातली.

आक्काने ताट आणून दिलं. "खा," म्हणाली. "आसं तोंड पाडून बसू नगंस, फोटुत लई वंगाळ दिसतंया." मी जिलेबीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून बसलो.

विधी आटोपले, नवरानवरी पंगतीला बसले. कोणीतरी उखाण्याचा आग्रह धरला, सगळे शांत झाले आणि सृष्टीने तोंड उघडलं. त्याच क्षणाला माझ्या खिशातून सनई वाजायला लागली. पूर्ण आवाजात. कल्पनाने वाढवलेला आवाज. मी फोन काढायला गेलो, तो फेट्याच्या शेमल्यात अडकला, सनई वाजतच राहिली आणि पाचशे माणसं माझ्याकडे वळली. शेवटी फोन हातात आला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं: सृष्टीचं लग्न. आत्ता.

कोणीतरी मोठ्याने वाचलं. हशा पिकला तो थांबेना. मीही हसलो, दुसरं काय करणार. डोळ्यांत पाणी होतं ते हसण्याचं समजून घेतील, अशी आशा होती.

सृष्टी हसली नाही. ती ताटावरून उठली, हात धुतले, पदर सावरला आणि सरळ माझ्याकडे चालत आली. "मामा, ऊठ."

"कशाला?"

"तुझा मुहूर्त आलाय ना? मग मला मांडवात घेऊन चल. मागे उभा राहा."

"अगं, लोक काय म्हणतील!"

"चल."

कोंडिबा आबा लांबून ओरडले, "आता पुन्यांदा लावता का काय लगीन?" पण ओरडता ओरडता त्यांनीच पोरांना खाली पडलेल्या अक्षता गोळा करायला लावलं. कल्पना आली. तिने माझ्या डोक्यावरचा गुलाबी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि स्वतःच्या डोक्यावरचा जरीचा माझ्या डोक्यावर ठेवला. तो जरा सैल होता. ती म्हणाली, "नीट धरा. पडला तर मी नाही उचलणार."

मी सृष्टीचा हात धरला. तिला खोलीच्या दारापासून स्टेजपर्यंत आणलं, जसं आणायचं असतं तसं, एका हाताने फेटा सांभाळत. अनिमेष तोंडातला घास गिळत धावत येऊन समोर उभा राहिला. गुरुजी दक्षिणा घेऊन स्कूटरवर बसले होते, ते परत आले नाहीत. मंगलाष्टक कोणालाच धड येत नव्हतं, म्हणून आक्काने तिला येतं ते एक म्हटलं, अर्धं विसरून. पोरांनी अक्षता टाकल्या, त्यातल्या बऱ्याच माझ्या तोंडावर.

मी तिच्या मागे उभा होतो. माझ्या खिशात फोन परत एकदा वाजला, कारण मी तो बंदच केला नव्हता. मी चाचपडायला लागलो तेव्हा सृष्टीने मान मागे वळवली.

"राहू दे, मामा," ती म्हणाली. "वेळेवर आलायस."